फटीच्या बाजूने

हवेची फट ही चुंबकीय परिपथातली अडगळ आहे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी डिप्लोमाच्या मुलांना विद्युत अभियांत्रिकी शिकवते. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात एक उदाहरण हमखास असतं: लोखंडी गाभा, त्यावर इतके वेढे, इतका प्रवाह, गाभ्यात एवढी फट, तर फ्लक्स किती? मी ते उदाहरण फळ्यावर सोडवताना फटीची ओळ आली की म्हणायचे, "आणि इथे सगळे ॲम्पिअर-टर्न वाया जातात." मुलं वहीत तसंच लिहून घ्यायची.

दुसरं मत मी वर्गात बोलून दाखवत नसे, पण मनात पक्कं होतं. रिलक्टन्सचं गणित म्हणजे ओहमच्या नियमाची नक्कल. व्होल्टच्या जागी ॲम्पिअर-टर्न, प्रवाहाच्या जागी फ्लक्स, रोधाच्या जागी रिलक्टन्स ठेवायचं आणि भागाकार करायचा. परीक्षेपुरतं ठीक. खरं उत्तर हवं असेल तर संगणकावर क्षेत्राचा नकाशा काढावा, नाहीतर वस्तू बनवून मोजावी.

यातलं पहिलं मत मी पूर्ण सोडलं आहे आणि दुसरं अर्धं. मत बदललं ते एका झटक्यात नाही. पण कशाने बदललं ते नेमकं सांगता येतं, कारण त्यामागे आकडे आहेत.

माझं नेहमीचं उदाहरण असं. सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचा चौकोनी गाभा, म्हणजे खिडकीच्या चौकटीसारखा आकार. चौकटीच्या पट्टीचा छेद २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटर, म्हणजे ४ चौरस सेंटिमीटर. पट्टीच्या मधोमध बोट ठेवून पूर्ण फेरी मारली तर वाट भरते ४०० मिलिमीटर. एका पायावर ५०० वेढे आणि त्यांतून १ ॲम्पिअर प्रवाह. पत्र्यांमधल्या वार्निशने थोडी जागा खाल्लेली असते, तिचा हिशेब इथे बाजूला ठेवते. स्टीलची सापेक्ष पर्मिएबिलिटी ४००० धरू, म्हणजे हवेच्या चार हजार पट सहज फ्लक्स जाऊ देणारं लोखंड. सूत्रं दोनच लागतात:

R = l / (μ₀ μᵣ A)
Φ = N I / R

आधी फट नाही असं समजू. ४०० मिलिमीटर लोखंडाचं रिलक्टन्स निघतं सुमारे १ लाख ९९ हजार ॲम्पिअर-टर्न प्रति वेबर. वर आहेत ५०० ॲम्पिअर-टर्न. भागाकार केला की फ्लक्स येतो २.५१ मिलिवेबर. चोख उत्तर. पुस्तकाच्या शेवटी छापण्याजोगं.

आता त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने भागून बघा. फ्लक्सची घनता येते ६.२८ टेस्ला. सिलिकॉन स्टील दोन टेस्लाच्या आसपास तृप्त होतं, त्यापुढे ते जवळजवळ हवेसारखं वागतं. सहा टेस्ला ही अतिवाहक चुंबकांची दुनिया आहे. एक ॲम्पिअरच्या घरगुती वेटोळ्याने आणि ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांनी ते होणं शक्य नाही. या गाभ्यात खरोखर किती घनता येईल, याचा अंदाज वेगळ्या वाटेने लागतो. ५०० ॲम्पिअर-टर्न ४०० मिलिमीटरवर पसरले तर मीटरमागे १२५० येतात, आणि एवढ्यावर सर्वसाधारण सिलिकॉन स्टील दीड टेस्लाच्या जवळपास असतं. म्हणजे सूत्राने खऱ्याच्या चौपट उत्तर दिलं, तेही कुठलीही आकडेमोड न चुकता.

अशी उदाहरणं पुस्तकात दिसत नाहीत, कारण उदाहरण रचणारा प्रवाह मुद्दाम कमी ठेवतो. अर्धा ॲम्पिअर, पाव ॲम्पिअर, काय बसेल ते. मीही तेच करत असे. घनता एक टेस्लाच्या आत राहील असा प्रवाह आधी ठरवायचा आणि मग प्रश्न लिहायचा. त्यात लबाडी नव्हती, शिकवण्याची सोय होती. पण या सोयीमुळे एक गोष्ट झाकली जाते: फट नसलेल्या गाभ्याचं उत्तर संपूर्णपणे त्या ४००० या आकड्यावर टेकलेलं असतं. आणि हा आकडा लोखंडाचा पक्का गुण नव्हे. घनता वाढली की तो बदलतो. आधी चढतो, मग कोसळतो. पत्र्याची दुसरी रीळ आली की बदलतो. पत्रा कापताना कडेला ताण बसतो, त्यानेही बदलतो. गाभा मागच्या वेळी कुठल्या स्थितीत सोडला होता, याचाही त्यावर थोडा परिणाम असतो. ४००० ऐवजी २००० धरले तर फ्लक्स निम्मा, ८००० धरले तर दुप्पट. हे तिन्ही आकडे एकाच पत्र्याचे, वेगवेगळ्या घनतेचे असू शकतात.

आता त्याच गाभ्याच्या एका पायाला छेद देऊन १ मिलिमीटरची फट ठेवू.

फटीचं रिलक्टन्स काढताना μᵣ च्या जागी एक येतो, बाकी सूत्र तेच. उत्तर: १९ लाख ८९ हजार. म्हणजे ४०० मिलिमीटर लोखंडाच्या दसपट विरोध एका मिलिमीटर हवेत आहे. दोन्हींची बेरीज २१ लाख ८८ हजार. ५०० ला तिने भागलं की फ्लक्स ०.२२९ मिलिवेबर, घनता ०.५७ टेस्ला. स्टील यात आरामात बसतं. ॲम्पिअर-टर्नची वाटणी पाहिली तर ५०० पैकी साधारण ४५५ फटीवर खर्च होतात आणि लोखंडाच्या वाट्याला येतात फक्त ४५.

याच ४५५ ना मी "वाया गेले" म्हणायचे.

आता पर्मिएबिलिटीशी खेळून बघा. ४००० ऐवजी २००० घेतली तर लोखंडाचं रिलक्टन्स दुप्पट होतं, पण बेरीज जाते २३ लाख ८७ हजारांवर आणि घनता ०.५२ टेस्ला. आठ टक्क्यांची घट. ८००० घेतली तर ०.६० टेस्ला, पाच टक्क्यांची वाढ. लोखंडाबद्दलचं आपलं ज्ञान दुपटीने चुकलं तरी उत्तर आठ टक्क्यांच्या आत राहतं. फट नसताना याच चुकीने उत्तर निम्मं झालं होतं. हे उदाहरण मी कितीतरी बॅचना शिकवलं, पण दोन्ही बाजू अशा शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. ज्या फटीला मी गणित बिघडवणारी समजत होते, तिच्यामुळेच ते गणित विश्वासाचं होतं. फटीला तापमान फारसं कळत नाही, तिला पूर्वेतिहास नाही, ती तृप्त होत नाही. तिच्याबद्दल माहीत असावी लागते फक्त तिची जाडी.

पण जाडी मात्र नीट माहीत असावी लागते, आणि इथे एक मजेशीर आकडा समोर येतो. ४०० मिलिमीटर लोखंड भागिले ४००० म्हणजे ०.१ मिलिमीटर. आपला अख्खा लोखंडी गाभा, चारही बाजू धरून, चुंबकीय दृष्टीने ०.१ मिलिमीटर हवेएवढा आहे. छपाईचा साधा ८० ग्रॅमचा कागद साधारण एवढाच जाड असतो. म्हणून मी आता बेरीज रिलक्टन्सची करतच नाही, जाडीची करते. लोखंडाचा एक कागद आणि फटीचे दहा कागद, एकूण १.१ मिलिमीटर हवा. मग फक्त एकच भागाकार उरतो. मुलांना हे लाखांच्या आकड्यांपेक्षा लवकर उमगतं, आणि कुठली चूक महाग पडेल हेही दिसतं. फट १ च्या जागी १.१ मिलिमीटर झाली तर उत्तर जितकं हलतं, तितकंच ते पर्मिएबिलिटी निम्मी झाल्यावर हलतं.

हे "कागद" मी घेतले ते एका वाइंडरकाकांकडून. प्रयोगशाळेसाठी याच मापांचा एक चोक बनवून हवा होता. गाभ्यासाठी यू आणि आय आकाराची स्टॅम्पिंग ठरली होती. कारखान्यांच्या मोटारी भरून देणारे काका जवळच होते, त्यांच्याकडे गेले. मी माझं गणित लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी वेढे आणि तारेचा गेज वाचला आणि विचारलं, "मॅडम, फट एक एमएम लिहिलीय. ती दोन्ही सांध्यांना मिळून, का एकेका सांध्याला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. यू आणि आय जोडताना सांधे दोन येतात. मध्ये एक मिलिमीटरचा प्रेसबोर्ड घातला की फ्लक्सला फेरीत तो दोनदा ओलांडावा लागतो, म्हणजे फट दोन मिलिमीटर. ई-आय गाभ्यातही तेच होतं: मधल्या पायातून निघालेला फ्लक्स बाहेरच्या पायांतून परततो आणि स्पेसरची जाडी दोनदा मोजली जाते. सूत्रातला l म्हणजे फेरीतली एकूण हवा. चोक अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास निघाला तर सगळ्यात आधी हेच तपासावं. मी म्हटलं, मिळून एक. त्यांनी अर्धा-अर्धा मिलिमीटर घातला.

मग मी विचारलं की स्टॅम्पिंग कुठल्या ग्रेडची आहेत, पर्मिएबिलिटी किती असेल. ते हसले. "लोखंडाचं कोण सांगणार? दर खेपेला वेगळा माल येतो. तुम्ही फट सांगा, मी करंट जुळवून देतो." ग्रेड कळल्याशिवाय काम करणं मला अडाणीपणाचं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की ते जाड्यांची बेरीज करत होते आणि त्यातला लहान आकडा सोडून देत होते. अभियंत्याने हेच करायचं असतं.

चोक आला तेव्हा तो मोजला. मोजण्याची रीत सोपी आहे आणि ती फ्लक्सपर्यंत थेट पोहोचवते. वेटोळ्याला ५० हर्ट्झचा बदलता व्होल्टेज द्यायचा, व्हेरिॲकने हळूहळू वाढवत प्रवाह १ ॲम्पिअरवर आणायचा आणि व्होल्टमीटर वाचायचा. वेढ्यांच्या रोधात पडणारा व्होल्टेज लहान असेल, तर फ्लक्सचं शिखर V = 4.44 f N Φ या सूत्रातून सरळ निघतं, लोखंडाबद्दल एक अक्षरही माहीत नसताना.

कागदावरचं भाकीत काय होतं? साध्या बेरजेने इंडक्टन्स ०.११४ हेन्री, म्हणजे १ ॲम्पिअरला जवळपास ३६ व्होल्ट. पण फटीच्या कडांना फ्लक्स सरळ जात नाही, बाहेरच्या बाजूला फुगतो. त्यासाठी जुनी ढोबळ युक्ती अशी की छेदाच्या दोन्ही मापांत फटीची जाडी मिळवायची. अर्धा मिलिमीटर फटीला २० बाय २० चा छेद २०.५ बाय २०.५ धरायचा. क्षेत्रफळ पाच टक्क्यांनी वाढतं, फटीचं रिलक्टन्स तेवढं उतरतं आणि भाकीत साडेसदतीस व्होल्टवर जातं. हीच एक मिलिमीटर हवा एकाच जागी असती तर फुगवटा जास्त धरावा लागला असता, २१ बाय २१, आणि भाकीत ३९ च्या वर गेलं असतं. युक्ती चालते ती फट छेदाच्या मापांपुढे लहान असेपर्यंतच. फट पाच-सहा मिलिमीटर झाली की तिच्यावर विसंबू नये.

मीटरने ३९ च्या आसपास दाखवले. भाकिताहून थोडे जास्त. ते जास्त कुठून आले ते पुढे सांगते. पण ज्या गणिताला मी परीक्षेपुरतं समजत होते, त्याने ग्रेड ठाऊक नसलेल्या पत्र्यांच्या, हाताने रचलेल्या गाभ्याचं उत्तर चार-पाच टक्क्यांत दिलं. दुसऱ्या मताला पहिला तडा इथे गेला.

मग प्रेसबोर्ड काढून तोच गाभा घट्ट आवळला आणि पुन्हा मोजलं. आता कमी व्होल्टेजला प्रवाह अगदी किरकोळ, पण त्याचं व्होल्टेजशी प्रमाण कुठेच टिकेना. साठ व्होल्टच्या आसपास, म्हणजे घनतेचं शिखर १.३५ टेस्लाला पोचल्यावर, तो भराभर वाढायला लागला. व्होल्टेज थोडा वाढवला की प्रवाह त्याच्या कितीतरी पट. ऑसिलोस्कोपवर प्रवाहाची लाट साइनसारखी राहिली नव्हती, तिला अणकुचीदार टोकं आली होती. गाभा तृप्त होतोय याची हीच खूण. फट असताना याच व्होल्टेजला लाट गोलाईदार होती.

आणि फट काढली तरी ती गेली नव्हतीच. स्टॅम्पिंगच्या कडेला कापणीची बर असते, वार्निश असतं, थोडा गंज असतो. दोन सांध्यांत मिळून ०.०५ मिलिमीटर हवा राहिली असं धरलं, तर गाभ्याचं लोखंड आहे ०.१ मिलिमीटर हवेएवढं. त्यात अर्धी भर पडली. म्हणजे बिनफटीच्या गाभ्याचा इंडक्टन्स गणितापेक्षा एक तृतीयांशाने कमी, आणि दर वेळी आवळताना वेगळा. एक मिलिमीटरच्या फटीत हेच ०.०५ मिळवलं तर फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो. ट्यूबलाइटच्या जुन्या तांब्या-लोखंडाच्या चोकमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असे. एकाच साच्यातून निघणाऱ्या चोकांनी नळीतला प्रवाह जवळजवळ सारखा ठेवायचा, तर गुणधर्म लोखंडावर सोडून चालत नाही.

इथपर्यंत फटीचं कौतुक झालं. पण १ ॲम्पिअरला सूत्र बरोबर आलं म्हणून ३ ॲम्पिअरलाही येईल, असं नाही. मत बदललेल्या माणसाला नवं मत जरा जास्तच आवडतं. मलाही काही काळ वाटत होतं की फट असली की सगळं सरळ रेषेत येतं.

३ ॲम्पिअर म्हणजे १५०० ॲम्पिअर-टर्न. कडेचा फुगवटा तूर्त सोडून देऊ. सरळ भागाकाराने घनता येते १.७१ टेस्ला. पण १.७१ ला स्टीलची पर्मिएबिलिटी ४००० राहिलेली नसते, ती शेकड्यांवर आलेली असते. लोखंडाचा तो एक कागद आता एक राहिला नाही, त्याचे कितीतरी कागद झाले. किती झाले हे कळायला घनता हवी, आणि घनता कळायला ते कागद हवेत. दिलेल्या प्रवाहावरून फ्लक्स काढणं हे उलटं काम आहे ते यासाठी. दिलेल्या फ्लक्सवरून प्रवाह काढणं सोपं: प्रत्येक तुकड्याची घनता काढा, वक्रावरून त्याला मीटरमागे किती ॲम्पिअर-टर्न लागतात ते वाचा, लांबीने गुणा, बेरीज करा. जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या भावांनी १८८६ साली डायनॅमोच्या चुंबकीय परिपथावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हाच मार्ग होता. आर्मेचर, हवेची फट, चुंबकाचे पाय, योक या प्रत्येकाचा वेगळा हिशेब मांडून त्यांनी बेरीज केली. त्यांनी कुठल्याही ठरीव पर्मिएबिलिटीवर भरवसा ठेवला नाही. मी ज्याला ओहमची नक्कल म्हणत होते, ती त्यांच्या पद्धतीची सोपी आवृत्ती म्हणता येते.

उलट्या कामाला तीच पद्धत अंदाज घेत वापरायची. समजा घनता १.६ टेस्ला असेल. मग १ मिलिमीटर फट १२७३ ॲम्पिअर-टर्न खाईल. उरले २२७, ते ४०० मिलिमीटर लोखंडावर, म्हणजे मीटरमागे ५७० च्या आसपास. पण १.६ टेस्लाला स्टील मीटरमागे हजारांत मागतं. म्हणजे अंदाज जास्त झाला. १.३ धरू. फट खाते १०३५, उरतात ४६५, मीटरमागे ११६०. १.३ ला स्टीलला एवढे लागत नाहीत, खूप कमी लागतात. अंदाज कमी झाला. उत्तर या दोहोंच्या मध्ये. १.४५ घेतले तर फटीला ११५४, उरतात ३४६, मीटरमागे ८६५. पत्र्याचा वक्र १.४५ ला जवळपास एवढंच मागत असेल, तर उत्तर सापडलं: १.४५ टेस्ला, १.७१ नव्हे.

हेच आलेखावर आणखी छान दिसतं. पत्र्याचा बी-एच वक्र समोर घ्यायचा. आडव्या अक्षावर १५०० भागिले ०.४, म्हणजे ३७५० वर एक खूण करायची. सगळे ॲम्पिअर-टर्न लोखंडाने खाल्ले तर तिथे. उभ्या अक्षावर १.८८ टेस्लाला दुसरी खूण. सगळे फटीने खाल्ले तर तिथे. दोन्ही खुणा पट्टीने जोडल्या की ही फटीची रेषा झाली. ती वक्राला जिथे छेदेल तिथे आपला गाभा काम करतो. प्रवाह कमी केला की रेषा स्वतःशी समांतर खाली सरकते. फट वाढवली की आडव्या अक्षावरची खूण जागेवर राहते, उभ्या अक्षावरची खाली येते, म्हणजे रेषा झुकते आणि छेदनबिंदू वक्राच्या सरळ भागात उतरतो. फट शून्याकडे नेली की रेषा उभी होत जाते आणि उत्तर पूर्णपणे वक्राच्या मर्जीवर जातं. मी आता हा विषय या आलेखापासून सुरू करते, रिलक्टन्स नंतर आणते. वक्राच्या सुरुवातीच्या सरळ तुकड्यापुरता जो भागाकार चालतो, त्याचं नाव रिलक्टन्स.

ऊर्जेचा हिशेब मी मुद्दाम शेवटी केला, कारण तो माझ्या जुन्या वाक्याला सरळ उत्तर होता. १ ॲम्पिअरला या गाभ्यात साठलेली ऊर्जा सुमारे ०.०५७ जूल. त्यातली ०.०५२ फटीत, म्हणजे ०.४ घनसेंटिमीटर हवेत, आणि ०.००५ लोखंडात, ज्याचं घनफळ १६० घनसेंटिमीटर आहे. चोकचं कामच ऊर्जा काही क्षण साठवून परत देणं. मग त्या ४५५ ॲम्पिअर-टर्ननी नेमकं तेच काम केलं, ज्यासाठी चोक बनवला होता. वाया गेले म्हणायचेच तर लोखंडावरचे ४५ म्हणावेत, तेही अर्धवटच, कारण त्यांच्यावाचून फ्लक्स फटीपर्यंत पोचला नसता. ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी; त्याला ऊर्जा साठवायची नसते, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात द्यायची असते, आणि तिथे फट खरोखरच अडगळ आहे. माझं जुनं मत ट्रान्सफॉर्मर शिकवताना तयार झालं आणि मी ते सगळ्या गाभ्यांना लावत गेले, असा माझा अंदाज आहे.

आता ते वरचे दीड-दोन व्होल्ट, आणि माझ्या दुसऱ्या मताचा अजून न सुटलेला अर्धा भाग. तांब्याची तार आणि भोवतालची हवा यांच्या वाहकतेत इतकं प्रचंड अंतर आहे की प्रवाह तारेबाहेर जात नाही म्हटलं तर चालतं. लोखंड आणि हवा यांच्या पर्मिएबिलिटीत अंतर आहे ते फक्त हजारांचं. फ्लक्ससाठी निरोधक असा पदार्थ आपल्या टेबलावर नसतो. वेटोळ्यातून निघालेला काही फ्लक्स फटीच्या वाटेला न जाता गाभ्याच्या खिडकीतून आडवा उडी मारून परततो. वेटोळ्याच्या टोकांना त्याचाही व्होल्टेज दिसतो, म्हणून मीटर भाकिताच्या वर राहतो. रिलक्टन्सच्या बेरजेत या वाटेला जागाच नाही.

हे तपासायला मी दहा-दहा वेढ्यांची दोन बारीक वेटोळी गुंडाळली, एक मुख्य वेटोळ्याच्या पायावर, मधोमध, आणि दुसरं समोरच्या पायावर. १ ॲम्पिअरला पहिल्यात पाऊण व्होल्टच्या थोडं वर दिसतं, दुसऱ्यात त्याहून कमी. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत निसटलेला फ्लक्स. मग सगळी एक मिलिमीटर हवा एकाच सांध्यात आणली, आधी वेटोळ्याच्या पायावरच्या आणि नंतर समोरच्या पायावरच्या. सूत्राला या दोन रचनांत काहीच फरक दिसत नाही. बेरजेत क्रम बदलला तरी बेरीज तीच. मीटरला दिसतो. फट वेटोळ्यापासून दूर, समोरच्या पायावर असली की गळती वाढते. वेटोळ्यातून निघालेल्या फ्लक्सपुढे लांबवर अडथळा असतो आणि खिडकीतली आडवी वाट त्याला तुलनेने सोपी पडते. वेटोळ्याच्या पायावर फट असली की ॲम्पिअर-टर्न जिथे निर्माण होतात जवळजवळ तिथेच खर्च होतात आणि बाकीच्या गाभ्याच्या दोन बाजूंमध्ये ओढ फारशी उरत नाही. वाइंडरकाकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच ई-आयला मधल्या पायात फट ठेवतात, जमेल तेव्हा. बॉबिनच्या आत." आणि पुढच्या मोटारीचे स्लॉट साफ करायला लागले.